वाढदिवस तिचा, वाचणारे सगळे

दर वर्षी १ जूनला महाराष्ट्रातल्या फेसबुकवर एक गंमत घडते. सकाळी फोन उघडावा तर वाढदिवसांची रांग लागलेली असते. निवृत्त मुख्याध्यापक, गावचे माजी सरपंच, एसटीतून रिटायर झालेले काका, बँकेतले साहेब, सगळे एकाच दिवशी जन्मलेले. कारण सर्वांना ठाऊक आहे. पूर्वी पोराला शाळेत घालायला नेलं की जन्माचा दाखला बहुतेकांकडे नसायचा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून वय नियमात बसेल असा १ जून रजिस्टरात लिहून गुरुजी मोकळे व्हायचे. पोरगं खरं जन्मलं पोळ्याच्या आदल्या दिवशी की नागपंचमीनंतर, ते आईलाच माहीत. रजिस्टरातली तारीख मात्र पुढे दाखल्यावर गेली, नोकरीच्या कागदांवर गेली आणि शेवटी फेसबुकवर आली.

या दिवशी कुणी वैतागून "अहो, आज माझा वाढदिवसच नाही" असं लिहिताना फारसं दिसत नाही. शुभेच्छा येतात, गुरुजी प्रत्येकाला हात जोडल्याची खूण पाठवतात आणि संध्याकाळी सर्वांचे एकत्र आभार मानतात. तारीख खोटी असली तरी फसवणूक झाल्यासारखं कुणालाच वाटत नाही, कारण जाहीर शुभेच्छेचं काम तारखेवर अवलंबून नसतंच. मी तुमच्या माणसांपैकी आहे आणि आपलं बरं चाललंय, एवढं चारचौघांत नोंदवलं की ते काम झालं. लग्नात आहेर करताना आपण नवऱ्यामुलाच्या स्वभावाची चौकशी करत नाही, तसंच हे.

घोळ सुरू होतो तो जिवाभावाच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला. तिथे नुसती नोंद पुरत नाही, मनातलंही लिहायचं असतं, आणि दोन्ही त्याच जागी, त्याच चार ओळींत, एका फोटोखाली बसवायचं असतं. रात्री पावणेबाराला फोटो निवडून तयार असतो (दोघी बऱ्या दिसतोय असा एकच असतो, आणि खरं सांगायचं तर त्यात आपण जास्त बऱ्या दिसत असतो), पण कॅप्शन सुचत नाही. गेल्या वर्षी काय टाकलं होतं ते बघून येतो. तिने आपल्या वाढदिवसाला काय टाकलं होतं तेही बघून येतो. मग गूगलवर शोधतो, आणि तिथे मैत्रीवरच्या शंभर ओळी मिळतात, ज्या कुणालाही चालतील आणि म्हणूनच तिला चालणार नाहीत.

ही अडचण शब्दांच्या तुटवड्याची आहे असं आपल्याला वाटतं. माझ्या मते ती श्रोत्यांची आहे. कॅप्शनमध्ये आपण "तू" म्हणून तिच्याशी बोलतो, पण ते वाचतात बाकीचे.

चारचौघांत कौतुक करायची रीत आपल्याकडे जुनी आहे. मानपत्र हा तिचा भारदस्त अवतार. चौकटीत बसवलेलं, सभेत उभं राहून वाचलेलं, शेवटी "आम्ही आहोत आपले" आणि खाली सह्या. मानपत्र ऐकताना सत्कारमूर्तीच्या डोळ्यांत पाणी आलं तरी ते लिहिलेलं असायचं सभेसाठी, आणि हे सगळ्यांना कळायचं. आजचा चौकातला फ्लेक्स त्याच घराण्यातला, जरा बिघडलेला. वर उत्सवमूर्ती गॉगल लावून, शेजारी "दिलदार मनाचा राजा माणूस", आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्टच्या आकाराचे फोटो ओळीने. १९९५ साली महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा झाला, उच्च न्यायालयानेही बेकायदा फलकांवरून महापालिकांना पुन्हा पुन्हा फटकारलं, तरी फ्लेक्स हटत नाहीत, कारण त्यातला अर्धा मतलब त्या खालच्या फोटोंमध्ये असतो. शुभेच्छुकाला स्वतःला दिसायचं असतं. फ्लेक्सला नावं ठेवायला मीही पुढे असते, पण एक मान्य करावं लागतं, तो काही लपवत नाही. तो रस्त्यासाठी आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळतं.

कॅप्शनचं तसं नाही. ते पत्रासारखं सुरू होतं आणि फ्लेक्ससारखं टांगलं जातं.

टांगलं जातं म्हणजे नेमकं कुणासमोर, हे एकदा नीट बघण्यासारखं आहे. व्हॉट्सअॅप स्टेटस घ्या. ते २४ तासांनी नाहीसं होतं म्हणून आपल्याला घरगुती वाटतं. पण मूळ सेटिंगप्रमाणे ते ज्यांचे नंबर आपल्याकडे सेव्ह आहेत आणि ज्यांच्याकडे आपला नंबर सेव्ह आहे अशा सगळ्यांना दिसतं. त्या यादीत दूधवाला आहे, घरमालक आहे, मुलाच्या वर्गशिक्षिका आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि नवऱ्याची मोठी आत्या आहे, जी प्रत्येक स्टेटस बघते आणि कशावरच काही बोलत नाही. इन्स्टाग्रामवरचा घोळका वेगळा: कॉलेजमधले, जुन्या ऑफिसातले, कधीतरी सहलीत भेटलेले. आणि मैत्रिणीला पोस्टमध्ये टॅग केलं की ती पोस्ट तिच्या प्रोफाइलवरच्या टॅग झालेल्या फोटोंतही जाऊन बसते. म्हणजे आपण लिहितो आपल्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून, आणि वाचतात तिचीही माणसं, ज्यांच्यापुढे ती आपल्याला माहीत नसलेल्या रूपात वावरत असते.

आर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकातच मांडलं होतं की माणूस रंगमंचावर एक असतो आणि विंगेत दुसरा, आणि त्यात ढोंग काही नाही. दिवाणखान्यात पाहुण्यांशी आपण एका सुरात बोलतो आणि स्वयंपाकघरात बहिणीशी दुसऱ्या. मधली भिंत दोन्ही सूर सांभाळते. पुढे सोशल मीडिया आल्यावर अॅलिस मार्विक आणि डॅना बॉइड या दोन संशोधकांनी ट्विटर वापरणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यांनी दाखवलं की इथे ती भिंतच पडते. सासू, साहेब, शाळासोबती आणि शेजारी एकाच खोलीत येऊन बसतात, आणि बोलणारा माणूस मनात एक ठरावीक श्रोता धरून बोलत राहतो. वाढदिवसाचं कॅप्शन लिहिताना तो मनातला श्रोता म्हणजे मैत्रीण. खोलीत मात्र सगळी वरात.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. कल्पित असलं तरी त्यातली माणसं आपल्या ओळखीची निघतील.

समजा, तुम्ही ठाण्यात राहता. मैत्रीण नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. दोघी मिरजेत एका बाकावर वाढलात. उद्या ती चौतीस वर्षांची होईल. गेल्या दिवाळीत ती सासरहून एक बॅग घेऊन आईवडिलांकडे नाशिकला आली, ती परत गेली नाही. वकील बघून झालाय. हे तुम्हाला, तिच्या घरच्यांना आणि अजून दोघी-तिघींना माहीत आहे. बाकी जगाला ती "सध्या आईकडे आहे, तिची तब्येत बरी नसते" एवढंच सांगते. नणंद अजून इन्स्टाग्रामवर तिला फॉलो करते. तिचे पेशंटही करतात.

पहिला मसुदा हात आपोआप लिहितो:

"वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा! देव तुला उदंड आयुष्य देवो, तुझी सगळी स्वप्नं पूर्ण होवोत. अशीच कायम हसत राहा!"

१ जूनच्या गुरुजींना हे शोभून दिसलं असतं. पण इथे शेवटचं वाक्य जरा बघा. गेले कित्येक महिने जी हसलेली नाही, आणि ती हसलेली नाही हे जिला माहीत आहे, त्या दोघींमध्ये "अशीच हसत राहा" हे वाक्य कसं उभं राहील? वाईट हेतूने कुणी लिहीत नाही हे. तयार वाक्यांची खोड अशी की ती परक्याकडून आली तर निरुपद्रवी असतात आणि जवळच्याकडून आली तर टोचतात. सहकाऱ्याने हे लिहिलं तर ती "थँक्यू" म्हणून पुढे जाईल. तुम्ही लिहिलंत तर क्षणभर थांबेल.

मग आपण खजील होऊन दुसऱ्या टोकाला जातो:

"गेलं वर्ष तुझ्यासाठी किती कठीण होतं हे मला ठाऊक आहे. तू जे सोसलंस ते दुसरीला जमलं नसतं. वाघीण आहेस तू! ज्यांना तुझी किंमत कळली नाही त्यांचं दुर्दैव. लव्ह यू."

याला खूप लाइक मिळतील. यातला शब्द न् शब्द खराही आहे. आणि हाच मसुदा सगळ्यांत महागात पडणारा आहे. दहा मिनिटांत खाली "काय झालं गं?" येईल. मग "स्ट्राँग राहा" येईल, अशा कुणाकडून ज्यांना काहीच माहीत नाही, पण काहीतरी आहे एवढा वास लागलाय. दुपारी तिच्या आईला आईच्या भिशीतल्या मैत्रिणीचा फोन येईल. "ज्यांना किंमत कळली नाही" हे वाक्य नणंद स्क्रीनशॉट काढून भावाला पाठवेल. वकिलांनी सांगून ठेवलेलं असतं की प्रकरण चालू असताना सोशल मीडियावर काही टाकू नका. तिने टाकलं नाही, ते तुम्ही टाकलंत. आणि ज्या गोष्टीवर तिने कसाबसा पडदा धरून ठेवला होता, त्याचं एक टोक तिच्याच वाढदिवशी तुमच्या हातून उचललं गेलं. तेही न विचारता.

इथे कुणी म्हणेल, पण भावना तर खरी होती. होतीच. मात्र भावना खरी असणं आणि ती चारचौघांत खरी वाटणं, यात फरक पडतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या नताल्या बाझारोवा यांनी २०१२ मध्ये फेसबुकवर याचाच अभ्यास केला होता. वैयक्तिक, आतला मजकूर उघड भिंतीवर वाचला की लोकांना तो खासगी निरोपातल्या मजकुरापेक्षा कमी जवळिकीचा वाटतो आणि काहीसा अस्थानीही वाटतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे दुसऱ्या मसुद्याने आपण जवळीक दाखवायला गेलो आणि जाहीर जागेनेच तिची धार बोथट केली. जे वाक्य फोनवर ऐकून ती रडली असती, तेच वाक्य २३० जणांनी लाइक केल्यावर तिला वाचवत नाही.

तिसऱ्या मसुद्याबद्दल थोडक्यात. त्यात आपण तिचे आभार मानतो: "तू नसतीस तर माझं काय झालं असतं? माझ्या बाळंतपणात तू रजा टाकून आलीस, माझी नोकरी गेली तेव्हा तू..." असं बरंच. यात वाईट काही नाही, कृतज्ञता कधीही चांगलीच. पण सगळी वाक्यं "मी"वर येऊन टेकतात, आणि वाढदिवसाची पोस्ट माझं आत्मचरित्र होते, ज्यात ती सहायक भूमिकेत. फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकाचा फोटो मोठा झाला, इतकंच.

चौथा मसुदा यायला वेळ लागतो, कारण त्यासाठी आठवावं लागतं. मोठं काही नाही, बारकं. असं काहीतरी जे फक्त तिचंच आहे, पण जे नणंदेने, पेशंटने, वर्गशिक्षिकांनी वाचलं तरी तिचं काही बिघडत नाही:

"वीस वर्षं झाली, भडंगाच्या पुडीतले शेंगदाणे आधी वेचून खाते आणि उरलेले चुरमुरे 'घे, तुझ्यासाठी ठेवलेत' म्हणून पुढे करते. हॅपी बर्थडे गं. या वर्षी निदान अर्धे शेंगदाणे."

यात "जिवलग" नाही, "वाघीण" नाही, कठीण वर्ष नाही. पण मिरजेच्या दोघी आहेत, वीस वर्षं आहेत, आणि पुढच्या वर्षीही एकाच पुडीत हात घालायचा आहे हे न बोलता आलेलं आहे. जगाला ही गंमत वाटेल. तिच्या आईला हसू येईल. आणि तिला कळेल की हे दुसऱ्या कुणाला लिहिताच आलं नसतं. जाहीर कॅप्शनमध्ये खासगीपण असं येतं, गुपित फोडून नव्हे, तर निरुपद्रवी तपशिलातून. तपशील कितपत निरुपद्रवी आहे ते ओळखायची माझी एक ढोबळ कसोटी आहे: हे वाचून कुणी तिला काही विचारलं, तर तिला एखादी गोष्ट लपवावी लागेल का? शेंगदाण्यांबद्दल विचारलं तर ती हसून सांगेल. कठीण वर्षाबद्दल विचारलं तर तिला खोटं बोलावं लागेल.

एक तांत्रिक गोष्ट जाता जाता. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरचिन्हांपर्यंत लिहिता येतं, पण स्क्रोल करणाऱ्याला पहिली एक-दोन ओळीच दिसतात आणि पुढे `more` येतं, जे बहुतेक जण दाबत नाहीत. लोक सुरुवातीला "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" आणि केकच्या पाच खुणा लावतात आणि शेंगदाणे खाली ठेवतात. तिथवर कुणी पोहोचत नाही. शेंगदाणे आधी, शुभेच्छा नंतर.

आता उरलं ते सगळं, म्हणजे कठीण वर्ष, अभिमान, काळजी, राग, आभार. ते फेकायचं नाही. त्याची जागा बदलायची. सकाळी सात वाजता, पोस्ट टाकायच्या आधी, तिला एकटीला गेलेला निरोप असा असू शकतो:

"अगं, या वर्षी 'हॅपी' म्हणायला जीभ रेटत नाहीये म्हणून लिहितेय. तू रोज उठून क्लिनिकला जातेस, पेशंटचे गुडघे वाकवतेस आणि घरी येऊन काकांना हसवतेस, हे मी बघतेय. कुणी बघत नाही असं समजू नकोस. बारा तारखेला वकिलांकडे एकटी जायचं नाही. मी रजा टाकलीय, सकाळच्या तपोवनने येते. नाशिकरोडला न्यायला येऊ नकोस, मी रिक्षाने येईन. दुपारी फोन करते."

या निरोपाची भाषा तिसऱ्या मसुद्याइतकीही घडवलेली नाही. पण त्यात एक तारीख आहे आणि एक गाडी आहे. खासगी निरोपाला जे करता येतं आणि कॅप्शनला कधीच करता येत नाही ते हेच: पुढच्या कृतीला बांधून घेणं. कॅप्शनमध्ये "मी कायम तुझ्यासोबत आहे" लिहिता येतं, तपोवनची वेळ लिहिता येत नाही.

तरी लोक कॅप्शनवर तासभर घालवतात आणि हा निरोप टाळतात. का? अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांचा २०१८ मधला एक अभ्यास याबद्दल बरंच सांगतो. त्यांनी लोकांना आपल्या आयुष्यातल्या कुणा एकाला आभाराचं पत्र लिहायला लावलं आणि पाठवण्याआधी विचारलं, समोरच्याला कसं वाटेल? मग पत्र मिळालेल्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरचा अवघडेल. तितकं कुणी अवघडलं नाही. आनंद मात्र लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला होता. लिहिणारा आपले शब्द नीट जमले का याच काळजीत असतो, आणि वाचणारा शब्द तपासतच नाही, ऊब बघतो. जाहीर कॅप्शनमध्ये हे अवघडलेपण टळतं, कारण तिथे सगळंच थोडं नाटकी चालतं. एकट्या माणसाला सरळ लिहिताना लपायला जागा नसते. म्हणून आपण सभेत भरभरून बोलतो आणि विंगेत गप्प बसतो.

मुलग्यांच्या मैत्रीत हा खेळ आणखी मजेशीर होतो. तिथे जाहीर प्रेमाला सरळ दारातून यायची परवानगीच नसते, म्हणून ते दोन वेशांत येतं. एक फ्लेक्सची टिंगल: "गल्लीचा श्वास, पानपट्टीचा विश्वास, लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास, अशा आमच्या भाऊंना..." हे लिहिणाऱ्याला फ्लेक्सची भाषा पाठ असते आणि ती हास्यास्पद आहे हेही माहीत असतं. त्या हसण्याच्या आडून "तू आमचा राजा माणूस आहेस" हे खरंखुरं म्हणून घेता येतं. दुसरा वेश म्हणजे झोपलेल्या मित्राचा तोंड उघडं असलेला फोटो, तोही ट्रेनमधला. एवढा वाईट फोटो मिळवायला त्याच्यासोबत एवढा प्रवास करावा लागतो, हे बघणाऱ्याला आपोआप कळतं.

पण या टिंगलीत एक खाच आहे. वीस वर्षांचा मित्र "टकल्या" म्हणतो, त्याला तो हक्क आहे. पोस्टवर लिहिलं की तोच हक्क खाली कॉमेंट करणाऱ्या सगळ्यांना वाटला जातो. मग ऑफिसातला नवा मुलगा "टक्कल चमकतंय सर" लिहितो, चुलतभाऊ लग्न न ठरल्यावर टोमणा मारतो, आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याला सगळ्यांच्या हो ला हो करून हसण्याची खूण टाकत बसावं लागतं. मित्राच्या थट्टेत जे प्रेम होतं ते या कॉमेंटमध्ये नसतं, शब्द मात्र तेच असतात. म्हणून केस, वजन, लग्न, मूल, पगार आणि दारू हे विषय ग्रुपवर ठेवलेले बरे. लायसन्सची परीक्षा चालेल, ती आता पास झालेली असते.

या सगळ्यावर एक हिशेबाची वही असते, जी कुणी उघडून दाखवत नाही पण सगळे लिहितात. कुणी पोस्ट टाकली, कुणी नुसती स्टोरी, कुणी बाराच्या ठोक्याला, कुणी संध्याकाळी सातला "सॉरी, कामात होते" म्हणून. मी तिच्यासाठी दहा फोटोंचं पोस्ट केलं होतं, तिने माझ्यासाठी एक स्टोरी, तीही बूमरँग. २४ तासांत जाणारी स्टोरी आणि प्रोफाइलवर राहणारी पोस्ट यांच्यात मानपानाचा फरक आहे, हे तिशीच्या आतल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मानपान म्हटलं की आपण जुन्या पिढीला हसतो, मला तर यात व्याहीभेटच दिसते.

या वहीला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. जाहीर शब्दाचं मोल असतंच. एखादी मैत्री घरच्यांना पसंत नसते, एखादीला ऑफिसात एकटं पाडलेलं असतं, एखादा मित्र नुकताच दिवाळखोरीत निघालेला असतो आणि लोक त्याचा फोन टाळत असतात. अशा माणसाबद्दल, नावानिशी, फोटोसकट, "हा माझा मित्र आहे" असं भर सभेत म्हणणं हे कुठल्याही खासगी निरोपाने भरून निघत नाही. तिथे साक्ष हवी असते, आणि साक्ष चारचौघांतच द्यावी लागते. उलटही होतं. वर्षभर एकांतात सगळं सांगणारी मैत्रीण आपल्या वाढदिवशी जगापुढे अवाक्षर काढत नाही, तेव्हा लागतंच. तिला तुम्ही जवळच्या आहात, पण तुमच्याजवळ उभं असलेलं दिसायला नको आहे, अशी शंका येते. कधी ती शंका बरोबर असते.

पण कधी ती निव्वळ स्वभावाची गोष्ट असते. काही जणींना जाहीर कौतुक सोसतच नाही. हे ओळखता येतं. आपण टाकलेली स्टोरी ती स्वतःच्या स्टोरीवर चढवत नाही, नुसतं बदाम देते. कॉमेंटमध्ये सगळ्यांना एकच "थँक्स" आणि तुम्हालाही तोच. किंवा आठवडाभर आधी सहज म्हणाल्यासारखं म्हणते, "यंदा काही टाकू बिकू नका हं." आपण याला लाजणं समजतो आणि हौसेने टाकतो. अशा वेळी क्लोज फ्रेंड्सची यादी किंवा व्हॉट्सअॅपवरची `My contacts except...` ही सोय उपयोगी पडते असं वाटतं, आणि थोडी पडतेही. पण तिने फक्त कोण आधी बघणार हे ठरतं; शेवटी कोण बघणार ते यादीतल्या एखाद्या माणसाच्या स्क्रीनशॉटवर ठरतं. ज्याला दिसू नये असं वाटतं ते तिथे न टाकणं हीच खरी सेटिंग.

आपल्या उदाहरणातल्या मैत्रिणीकडे शेवटचं एकदा जाऊ, कारण क्रम राहिला. तिने आधी कॅप्शन पाहिलं आणि निरोप दुपारी आला, तर सकाळभर तिला वाटत राहील की या वर्षी हिने मला शेंगदाण्यांवर भागवलं. आधी निरोप वाचलेला असेल तर तेच कॅप्शन तिला वेगळं लागतं: हिला सगळं माहीत आहे, आणि तरी जगापुढे हिने फक्त भडंग काढलं. सात वाजता निरोप, दहा-अकराला पोस्ट. बाराच्या ठोक्याचा मान जाईल, जाऊ द्या. तो घ्यायला दुसरं कुणी असेलच.

पोस्टखाली तिचं उत्तर बहुधा असं येईल: "खोटं! चुरमुरेपण मीच खाल्ले होते." त्यावर शाळेतली तिसरी कुणी लिहील की पुडी तर तिच्या पैशांची होती. खासगी निरोपावर दोन दिवस काहीच येणार नाही, दोन निळ्या टिका तेवढ्या दिसतील. मग अकरा तारखेला रात्री विचारणा येईल, तपोवन नाशिकरोडला किती वाजता पोहोचते, आणि जेवायला काय करून ठेवू.